दर बांधला तरी डच डिसीज टळत नाही: कानोचा भुईमूग आणि इंडोनेशियाचा भात

प्रश्न (नांदेडहून, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा): "नोट्समध्ये डच डिसीजवर दोनच ओळी आहेत. खनिजाची निर्यात वाढते, चलन मजबूत होतं, बाकीचे निर्यात उद्योग बुडतात. पण देशात डॉलर आले तर नुकसान कसं? आणि चलन मजबूत होणं हाच त्रास असेल तर सरकारनं दर बांधून ठेवला की प्रश्न मिटला ना? नायजेरियाचं उदाहरण सगळे देतात, तिथं नेमकं झालं तरी काय?"

दर बांधून प्रश्न मिटत नाही, आणि का मिटत नाही हे कळलं की तुमच्या बाकीच्या दोन्ही शंका त्यातच सुटतात. नोट्समधल्या दोन ओळी चुकीच्या नाहीत, पण त्यातला 'चलन मजबूत होतं' हा शब्दप्रयोग दिशाभूल करतो. वाचणाऱ्याला वाटतं, पाहायची गोष्ट म्हणजे बँकेच्या फलकावरचा डॉलरचा दर. खरं तर पाहायचं असतं ते निर्यातदाराचा देशातला खर्च डॉलरमध्ये किती झाला हे. तो खर्च दोन वाटांनी वाढतो आणि दर बांधून त्यातली एकच वाट बंद होते.

आधी गावातलंच बघू. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तालुक्यात रस्त्याचं मोठं काम निघालं आणि ठेकेदार चांगली हजेरी द्यायला लागला, तर काढणीचं एकरी गुत्तं वाढतं. ट्रॅक्टरवाला भाडं वाढवतो, हॉटेलवाला चहाचे पैसे वाढवतो, न्हावी कटिंगचे वाढवतो. लोकांच्या हातात पैसा असल्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक तुटत नाही. सोयाबीनवाल्याला मात्र मोंढ्यात जाऊन 'माझी मजुरी वाढली, भाव वाढवून द्या' असं म्हणता येत नाही. तो भाव तेलाच्या आणि पेंडीच्या देशी-परदेशी बाजारावर ठरतो, त्याच्या गावातल्या मजुरीवर नाही. पैसा आला, गावातले बहुतेक खूश झाले आणि ज्याच्या मालाचा भाव बाहेर ठरतो तो एकटा कात्रीत सापडला. देशाच्या पातळीवर हेच घडतं. ज्यांचा भाव बाहेर ठरतो त्यांच्यात शेतमाल आणि कारखान्यांचा माल येतो. ज्यांचा भाव देशातच ठरतो त्यांच्यात बांधकाम, घरभाडं, वाहतूक, दुकानदारी, नोकरचाकर असं सगळं येतं. मॅक्स कॉर्डन आणि पीटर नियरी यांनी १९८२ मध्ये हीच विभागणी करून या विषयाची मांडणी केली, ती आजही वापरली जाते. डच डिसीज हे नाव त्याआधीचं, १९७७ चं. 'द इकॉनॉमिस्ट'नं ते नेदरलँड्सवरून दिलं, कारण तिथं १९५९ मध्ये ग्रोनिंगनला प्रचंड नैसर्गिक वायू सापडला होता.

आता दोन वाटा आकड्यांत पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेत, हिशोबाची रीत मात्र खरी आहे. समजा वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतलं एक युनिट यंत्राचा एक भाग परदेशी १० डॉलरला विकतं. दर ८० रुपये, म्हणून हातात ८०० रुपये येतात. त्या भागाला लागणाऱ्या स्टीलचा भाव जागतिक आहे, ५ डॉलर, म्हणजे ४०० रुपये. मजुरी, वीज, जागेचं भाडं, टेम्पो, दुरुस्ती असा देशातला खर्च ३२० रुपये. उरतात ८० रुपये.

पहिल्या वाटेत देशात खनिजाचे डॉलर ओतू लागतात आणि दर खुला असल्यामुळे ८० वरून ६४ वर येतो. विक्रीचे १० डॉलर आता ६४० रुपये झाले. स्टीलही स्वस्त होऊन ३२० वर आलं. पण मजुरी, वीज, भाडं रुपयांतच द्यायचं असतं, ते ३२० च राहिलं. उरलं शून्य.

दुसऱ्या वाटेत सरकार दर ८० लाच घट्ट धरून ठेवतं. विक्री ८०० रुपये, स्टील ४०० रुपये, काहीच हललं नाही. पण खनिजाचा पैसा देशात खर्च होतोय, मजूर आणि जागा दोन्हींना मागणी आहे, म्हणून देशातला खर्च २५ टक्क्यांनी वाढून ४०० झाला. उरलं पुन्हा शून्य.

दोन्ही ठिकाणी देशातला खर्च डॉलरमध्ये मोजून बघा. आधी ३२० भागिले ८०, म्हणजे ४ डॉलर. पहिल्या वाटेत ३२० भागिले ६४, म्हणजे ५ डॉलर. दुसऱ्या वाटेत ४०० भागिले ८०, तेही ५ डॉलरच. निर्यातदाराच्या दृष्टीनं दोन्ही धक्के तंतोतंत एक आहेत. यालाच वास्तव विनिमय दर वधारणं म्हणतात. एखाद्या देशाबद्दल बोलताना मी फलकावरचा दर दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. मजुरी आणि भाड्याचा खर्च डॉलरमध्ये किती झाला, हे आधी पाहतो.

दर बांधल्यावर महागाई कशामुळे येते, हेही समजून घ्या, कारण परीक्षेत इथंच गडबड होते. दर बांधायचा तर येणारा प्रत्येक डॉलर ठरलेल्या भावानं मध्यवर्ती बँकेनं विकत घ्यावा लागतो. त्याबदल्यात ती देशाचं चलन बाजारात सोडते. तेवढाच माल आणि तेवढेच मजूर, पण फिरणारा पैसा जास्त. आयात होऊ शकणाऱ्या वस्तूंचे भाव फार चढत नाहीत, कारण त्या बाहेरून आणता येतात. जे बाहेरून आणता येत नाही त्याचेच भाव चढतात. बँक रोखे विकून हा पैसा परत शोषून घेऊ शकते. पण त्या रोख्यांवर व्याज द्यावं लागतं आणि ओघ वर्षानुवर्षं चालू राहिला तर तो बोजा परवडत नाही. म्हणून हा उपाय वर्ष-दोन वर्षांच्या लाटेला चालतो, दशकभराच्या लाटेला नाही.

आता नायजेरिया. तिथल्या उत्तर भागात कानो शहराजवळ एके काळी भुईमुगाच्या पोत्यांच्या थप्प्या पिरॅमिडसारख्या रचलेल्या असत. रेल्वेनं बंदराकडे जाण्याची वाट पाहणारी ती पोती देशाच्या नोटांवरच्या चित्रांइतकीच ओळखीची होती. १९६० च्या दशकात नायजेरिया जगातल्या आघाडीच्या भुईमूग निर्यातदारांपैकी एक होता. दक्षिणेत कोको आणि पामतेल. खनिज तेल सापडलं १९५६ मध्ये ओलोइबिरीला, निर्यात सुरू झाली १९५८ मध्ये, पण मोठा पैसा आला तो १९७३-७४ मध्ये, जेव्हा तेलाचा भाव पिंपाला ३ डॉलरच्या आसपासहून जवळपास १२ डॉलरपर्यंत गेला.

तेल काढायला माणसं थोडी लागतात. त्यामुळे भुईमुगाचा मजूर काही तेलाच्या विहिरीवर गेला नाही. पैसा सरकारच्या तिजोरीत गेला आणि तिथून खर्चाच्या वाटेनं देशभर पसरला. नुकसान त्या खर्चातून झालं. उडोजी आयोगाच्या शिफारशींनंतर १९७५ च्या सुरुवातीला सरकारी पगार मोठ्या प्रमाणात वाढले आणि तेही थकबाकीसह एकदम हातात आले. त्या वर्षी महागाई ३० टक्क्यांच्या वर गेली. बांधकामाचा सपाटा लागला आणि गावातली तरणी पोरं लागोसच्या वाटेला लागली. शेतमजुरी चढली.

त्या वर्षीचा सिमेंटचा प्रसंग यासाठी मुद्दाम लक्षात ठेवा. सरकारनं सुमारे २ कोटी टन सिमेंट परदेशातून मागवलं. लागोस बंदरात वर्षाला उतरवता येईल त्याच्या कितीतरी पट हा माल होता. शेकडो जहाजं बंदराबाहेर नांगर टाकून थांबली आणि थांबण्याचं भाडं देशाला भरावं लागलं. हा निव्वळ गैरकारभाराचा किस्सा म्हणून सांगितला जातो, पण त्यात आपल्या विषयाचं एक महत्त्वाचं सूत्र आहे. 'पैसा देशात न खर्चता सरळ आयातीवर खर्चा, म्हणजे महागाई होणार नाही' हा सल्ला अर्धाच बरोबर असतो. सिमेंट आयात करता येतं, पण ते उतरवणारा धक्का, वाहून नेणारा ट्रक आणि ते कालवणारा गवंडी आयात करता येत नाही. आयात वाढली की या न आणता येणाऱ्या गोष्टींवरच ताण येतो.

आणि नायराचा दर? १९७३ मध्ये हे चलन सुरू झालं तेव्हा एका नायराला दीड डॉलर मिळत. १९८० मध्ये मिळत होते सुमारे १.८० डॉलर. म्हणजे महागाईच्या वाटेनं खर्च चढत असताना दराच्या वाटेनंही तो आणखी पाचव्या हिश्श्यानं चढला. दोन्ही दारं उघडी. बाहेरून येणारा तांदूळ आणि गहू शहरात स्वस्त पडू लागला आणि कानोच्या शेतकऱ्याला पिकवून विकणं महाग पडू लागलं. १९७० चं दशक संपेपर्यंत भुईमुगाची निर्यात जवळजवळ थांबली होती.

इथं एक प्रामाणिक खुलासा हवा, कारण कानोचं उदाहरण अनेकदा फार सोपं करून सांगितलं जातं. १९७२-७३ मध्ये त्या पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला होता. १९७५ मध्ये भुईमुगावर रोझेट नावाचा विषाणू रोग आला. तो पसरवतो मावा, आपल्याकडे भुईमूग आणि करडई करणाऱ्यांना मावा काय करतो ते सांगायला नको. शिवाय शेतकऱ्याला मिळणारा भाव सरकारी विपणन मंडळ ठरवायचं आणि जागतिक भावातला मोठा हिस्सा वर्षानुवर्षं स्वतःकडे ठेवायचं. मग दोष तेलाला कसा द्यायचा? माझ्या मते निर्णायक प्रश्न पीक का पडलं हा नाही, ते परत उभं का राहिलं नाही हा आहे. दुष्काळ संपतो, मावा दरवर्षी तितकाच येत नाही. मराठवाड्यातही दुष्काळानंतर पेरा परत येतो, कारण शेतकऱ्याला गणित जमतं. कानोत पाऊस परतला तेव्हा मजुरी आणि नायरा दोन्ही इतके चढलेले होते की गणित जमतच नव्हतं. शिवाय तो दुष्काळ आणि तो रोग दक्षिणेतल्या कोकोच्या पट्ट्यात नव्हता, तरी कोकोचं उत्पादनही १९७० च्या दशकात घसरत गेलं. मंडळाचा वाटा दोन्हीकडे होता, हे खरं, त्यामुळे सगळं खापर तेलाच्या पैशावर फोडू नका. दुष्काळानं आणि रोगानं पाडलं, मंडळानं आणि वधारलेल्या खर्चानं उठू दिलं नाही, असं लिहिलंत तर ते बरोबर होईल.

याच काळात तेल विकणाऱ्या दुसऱ्या एका गरीब, दाट वस्तीच्या, शेतीवर जगणाऱ्या देशानं वेगळं काय केलं ते बघितल्याशिवाय नायजेरियाची गोष्ट पुरी कळत नाही. इंडोनेशियानंही १९७३-७४ मध्ये तेलातून भरपूर कमावलं. १९७१ पासून त्यांचा दर बांधलेला होता, एका डॉलरला ४१५ रुपिया. म्हणजे तुमच्या प्रश्नातला उपाय तिथं प्रत्यक्षात होता. झालं काय? आपल्या हिशोबातली दुसरी वाट. दर हलला नाही, देशातली महागाई मात्र बाहेरच्यापेक्षा वेगानं चालली आणि रबर, कॉफी पिकवणाऱ्यांचा खर्च चढत गेला.

मग १५ नोव्हेंबर १९७८ ला सरकारनं दर एकदम ४१५ वरून ६२५ केला. हा निर्णय विलक्षण होता, कारण परकीय गंगाजळी आटलेली नव्हती. संकटात सापडून केलेलं अवमूल्यन सगळेच देश करतात. इथं तिजोरी ठीक असताना, फक्त तेलाबाहेरचे उत्पादक वाचावेत म्हणून ते केलं गेलं. एक डॉलरचं रबर विकणाऱ्याला ४१५ ऐवजी ६२५ रुपिया मिळू लागले, मजुरी मात्र त्या दिवशी होती तेवढीच. पुढच्या वर्षी महागाई वाढली आणि या फायद्यातला काही भाग खाऊन गेली. हे अपेक्षितच असतं, अवमूल्यनानं थोडा वेळ विकत मिळतो, कायमचा उतारा मिळत नाही. १९८३ मध्ये त्यांनी पुन्हा दर ७०० च्या आसपासहून ९७० केला.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तेल आणि वायूचा पैसा खत कारखान्यांत, कालव्यांच्या दुरुस्तीत, गावच्या रस्त्यांत आणि शाळांत गेला. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. म्हणजे जमिनीखालचा वायू खत होऊन भाताच्या शेतात परत आला. ज्या शेतीला चढत्या मजुरीचा फटका बसणार होता, तिचं एकरी उत्पादन वाढवून तो फटका सोसण्याजोगा केला. १९७० च्या दशकात जगातल्या सर्वांत मोठ्या तांदूळ आयातदारांत गणला जाणारा हा देश १९८४ मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला. सगळं आलबेल होतं असं नाही. सरकारी तेल कंपनी पेर्तामिना १९७५ मध्ये १० अब्ज डॉलरहून अधिक कर्जात अडकली होती, भ्रष्टाचारही मोठा होता. तरी शेती टिकली. म्हणून तेल सापडलं की शेती मरतेच, असं सरसकट विधान उत्तरात करू नका.

नॉर्वेचा उपाय तुम्ही वाचला असेल, म्हणून थोडक्यात. त्यांनी १९९० मध्ये निधीचा कायदा केला. तेलाची कमाई त्या निधीत जाते आणि निधी फक्त परदेशात गुंतवला जातो. 'फक्त परदेशात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. डॉलर देशात येऊन क्रोनमध्ये बदललेच नाहीत, तर ना दर चढतो, ना मजुरी. दरवर्षी निधीच्या अपेक्षित परताव्याइतकीच रक्कम अर्थसंकल्पात घ्यायची, असा नियम २००१ मध्ये आला. तेव्हा ती ४ टक्के धरली होती, २०१७ पासून ३ टक्के. मात्र ज्या देशात शाळा आणि पाण्याची सोय नाही, तिथल्या लोकांना 'पैसा बाहेर ठेवा' हे पटवणं कठीण असतं, आणि त्यांचं म्हणणं रास्तही असतं. अशा देशासाठी इंडोनेशियाचा दाखला जास्त कामाचा.

एखाद्या देशाला हा आजार जडलाय का, हे ओळखताना एक चूक हमखास होते. लोक बाकीच्या निर्यातीचा एकूण निर्यातीतला वाटा बघतात. समजा तेल १ अब्ज आणि बाकीचा माल १ अब्ज डॉलर, म्हणजे बाकीच्याचा वाटा ५० टक्के. तेल ९ अब्ज झालं की हाच वाटा १० टक्क्यांवर येतो, पण बाकीच्यांचं एका पैशाचंही नुकसान झालेलं नाही. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवा. बाकीचा माल टनांत किती गेला ते पाहा आणि त्याच वर्षांत मजुरी व घरभाडं डॉलरमध्ये किती झालं ते शेजारी मांडा. टन घटले आणि डॉलरमधली मजुरी चढली, तर संशयाला जागा आहे. टन घटले पण मजुरी जागेवरच आहे, तर कारण दुसरीकडे शोधा: पाऊस, रोग, पडलेले जागतिक भाव. वास्तव विनिमय दराचा तयार निर्देशांक भारतासाठी रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते, त्याची व्याख्या एकदा वाचून ठेवा. मात्र भारत तेल विकत घेणारा देश आहे, तेव्हा आपल्याकडचा प्रत्येक चढउतार या नावात बसवू नका.

राहिला एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण परीक्षक विचारू शकतो: तेलाचा भाव पडला की सगळं आपोआप पूर्ववत का होत नाही? १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेलाची कमाई घसरू लागली तरी नायजेरियानं नायरा पुरेसा खाली येऊ दिला नाही. महाग नायरा काही लोकांना हवा होता. ज्याच्याकडे आयात परवाना, त्याला सरकारी दरानं स्वस्त डॉलर मिळायचे आणि आणलेला माल तो काळ्या बाजाराच्या भावानं विकायचा. परवानेवाले शहरात होते, मंत्रालयाजवळ होते. भुईमूगवाले लांब उत्तरेत होते. १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळल्यावरच दर सोडला गेला आणि त्याच वर्षी विपणन मंडळंही बरखास्त झाली. त्यानंतर कोको सावरला, कारण झाडं उभी होती, निगा राखली की फळ येणार होतं. भुईमुगाचं तसं नव्हतं. बियाण्याची साखळी, शेंगा गोळा करणारे अडते, तेलाच्या गिरण्या, परदेशातले खरेदीदार, हे सगळं दशकभरात विखुरलं होतं. त्यांचे खरेदीदार तोवर दुसऱ्या देशांकडे आणि दुसऱ्या तेलबियांकडे वळले होते.

चालू उदाहरण हवं असेल तर गयाना बघा. तिथं समुद्रातल्या तेलाचं उत्पादन डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. त्यांचा डॉलर गेली काही वर्षं एका अमेरिकी डॉलरला २०८ च्या आसपास जवळपास स्थिर आहे. फलकावरचा दर बघणाऱ्याला तिथं काहीच घडत नाहीये असं वाटेल. तुम्ही मात्र तिथल्या भातकापणीच्या मजुरीचे आणि जॉर्जटाउनमधल्या घरभाड्याचे आकडे शोधा, ते २०८ नं भागा आणि २०१९ च्या आकड्याशेजारी ठेवा.